सोमवारची छाती गुरुवारी पुन्हा: नवख्यांसाठी आठवड्याची नवी मांडणी

कोल्हापुरातल्या कुठल्याही जिममध्ये सोमवारी संध्याकाळी सातच्या सुमारास डोकावलं तर बेंच प्रेसपाशी रांग दिसते. सोमवार छातीचा, मंगळवार पाठीचा, बुधवार खांद्यांचा, गुरुवार हातांचा आणि शुक्रवार पायांचा, ही वाटणी नव्या पोराला पहिल्याच दिवशी ऐकायला मिळते. एका दिवशी एका स्नायूला पार पिळून काढायचं आणि मग सात दिवस त्याच्याकडे बघायचं नाही. वर्षानुवर्षं चाललेली पद्धत आहे आणि तिनं अंग होत नाही असंही नाही. पण नवख्यासाठी तेवढेच कष्ट दोन दिवसांत वाटून घेणं बहुतेक वेळा जास्त पदरात पाडतं. ते का, आणि वाटणी नेमकी कशी करायची, ते पायरीपायरीनं बघू.

आधी स्नायूत काय घडतं ते

स्नायूतली प्रथिनं एकदा बनली की तशीच राहतात असं नाही. रोज त्यातला एक ते दोन टक्के भाग मोडतो आणि त्या जागी नवा बनतो. हा जमाखर्च आहे. जमा म्हणजे नवी प्रथिनं बनणं, खर्च म्हणजे जुनी मोडणं. दोन्ही सारखे असले की स्नायू आहे तेवढाच राहतो. जमा थोडी जास्त राहिली आणि ती महिनोन्‌महिने टिकली, तर शर्टाच्या बाह्या घट्ट व्हायला लागतात.

वजन उचललं की स्नायूपेशींवर ताण येतो, आतली संदेशांची साखळी जागी होते आणि प्रथिनं बनवण्याचा वेग वाढतो. हा वेग मोजण्याची पद्धत गमतीची आहे. खूण केलेलं अमिनो आम्ल शिरेतून सोडतात, काही तासांनी सुईनं स्नायूचा कणभर तुकडा काढतात आणि त्यात खुणेचं आम्ल किती गुंफलं गेलंय ते तपासतात. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९०च्या दशकात तरुणांच्या एकाच हाताला बायसेप्सचे १२ सेट करायला लावले आणि दुसरा हात तुलनेसाठी मोकळा ठेवला. व्यायामानंतर ४ तासांनी त्या हातातला वेग ५० टक्क्यांनी वाढलेला होता, २४ तासांनी तो दुपटीच्याही किंचित वर गेला आणि ३६ तासांनी जवळपास मूळ पातळीवर आला. १९९७च्या दुसऱ्या एका अभ्यासात पायाच्या स्नायूंमध्ये ४८ तासांनीही वेग साधारण एक तृतीयांशानं चढाच होता. म्हणजे आकडा माणसागणिक आणि व्यायामागणिक बदलतो, पण दीड ते दोन दिवस एवढी मुदत धरून चालायला हरकत नाही. सराव मुरला की ही मुदत आणखी आखूड होते.

आता सोमवारचं गणित मांडा. सोमवारी संध्याकाळी साडेसातला छाती झाली. मंगळवारी संध्याकाळी काम जोरात चाललंय, बुधवारी संध्याकाळपर्यंत ते ओसरलं. गुरुवार, शुक्रवार, शनिवार, रविवार या चार दिवसांत छातीचा स्नायू नेहमीच्याच वेगानं चाललाय. गुरुवारी पुन्हा त्याला हात लावला तर आठवड्यात असे चढ दोन मिळतात. दोनदा व्यायाम करण्यामागचा विचार एवढाच आहे.

पण इथं एक गाठ सोडवली पाहिजे. चढ म्हणजेच वाढ, असं सरळ समीकरण नाही. ब्राझीलमधल्या संशोधकांनी २०१६ साली नवख्या तरुणांचा १० आठवडे पाठपुरावा केला. प्रथिनं बनण्याचा वेग सगळ्यात जास्त चढला तो पहिल्याच व्यायामानंतर, पण तेव्हा स्नायूंची झीजही सगळ्यात जास्त होती. तो चढ मोठ्या प्रमाणात डागडुजीत खर्च झाला आणि पुढच्या वाढीशी त्याचा मेळ बसला नाही. झीज कमी झाल्यावर, तिसऱ्या आणि दहाव्या आठवड्यातले चढ मात्र वाढीशी जुळले. म्हणून पहिल्याच आठवड्यात स्वतःला झोडून काढण्यात काही मिळत नाही.

माझा भाचा उद्यमनगरात सीएनसी मशीनवर आहे. वय २३, वजन ६२ किलो. जिमला लागून थोडेच महिने झालेत. मला अभिमानानं म्हणाला, "मामा, सोमवारी छाती मारली की गुरुवारपातूर दुखतीया. म्हंजे वाढतीया न्हवं?" त्याला सांगितलं ते तुम्हालाही सांगतो. दुखणं म्हणजे सवय नसलेलं काम पडल्याची खूण. वाढीचं माप त्यात नाही. खरं तर गुरुवारपर्यंत दुखत असेल तर सोमवारी गरजेपेक्षा जास्त झालं, आणि आठवड्याच्या मधला दिवस त्यानंच खाल्ला.

पहिली पायरी: सध्याचा आठवडा वहीत उतरवा

मोबाइलमध्ये नाही, वहीत. जिममध्ये मोबाइल हातात घेतला की दोन मिनिटांची विश्रांती सात मिनिटांची होते. प्रत्येक स्नायूला आठवड्यात किती सेट मिळतात, ते मोजून लिहा. वॉर्मअपचे हलके सेट धरू नका. शेवटच्या दोन-तीन रेप्स जड गेल्या तोच सेट मोजायचा.

भाच्याच्या वहीत छातीखाली १२ सेट निघाले: सपाट बेंच प्रेसचे ६ आणि इनक्लाइन डंबेल प्रेसचे ६, सगळे सोमवारी. बेंचवर ४० किलोच्या रेप्स त्यानं लिहिल्या होत्या त्या अशा: १०, ९, ७, ६, ५, ४. एकूण ४१. चौथ्या सेटपासून पुढं छाती आणि ट्रायसेप्स दोन्ही दमलेले, आणि त्यानंतर इनक्लाइनचे सहा सेट अजून बाकी. ते कसे झाले असतील ते सांगायला नको. शेवटच्या दोन सेटला दंड थरथरायचे आणि मागं उभा राहिलेला मित्रच अर्धं वजन उचलायचा.

वहीतली आणखी एक गोष्ट नजरेत भरली. महिन्यात दोन शुक्रवार कोरे होते, कारण ओव्हरटाइम. शुक्रवार पायांचा. एक शुक्रवार हुकला की पायांना थेट १४ दिवसांनी व्यायाम मिळतो. एकदाच करायच्या मांडणीचा हा मला वाटतो सगळ्यात मोठा तोटा, आणि त्यासाठी कुठल्या प्रयोगशाळेचीही गरज नाही.

दुसरी पायरी: तेवढेच सेट, दोन दिवसांत

नवी मांडणी चार दिवसांची. सोमवारी कमरेच्या वरचं अंग, मंगळवारी खालचं, बुधवार सुट्टी, गुरुवारी पुन्हा वरचं, शुक्रवारी पुन्हा खालचं. शनिवार-रविवार रंकाळ्यावर चाला, नाहीतर झोपा. एकाच स्नायूच्या दोन व्यायामांत ७२ तासांचं अंतर पडतं. ४८ तासही चालतात, पण नवख्याला ७२ जास्त सोयीचे.

छातीचे १२ सेट असे फोडले: सोमवारी बेंच ३ आणि इनक्लाइन ३, गुरुवारी इनक्लाइन आधी ३ आणि मग बेंच ३. गुरुवारी क्रम उलटा केला, कारण जो व्यायाम आधी होतो त्याला ताजी ताकद मिळते. प्रत्येक सेटनंतर दोन मिनिटं विश्रांती. उरलेल्या वेळात पाठीसाठी लॅट पुलडाऊन आणि रोइंग, खांद्यांना बाजूनं डंबेल उचलणं. खालच्या अंगाच्या दिवशी स्क्वॉट किंवा लेग प्रेस, मांडीच्या मागच्या बाजूसाठी रोमानियन डेडलिफ्ट, आणि पिंढऱ्या.

आता बेंचवरचा फरक बघा. सोमवारचे पहिले तीन सेट होतेच १०, ९, ७. म्हणजे २६. गुरुवारी बेंच इनक्लाइननंतर येतो, तरी १०, ८, ७ निघाले. म्हणजे २५. आठवड्याच्या रेप्स ४१ वरून ५१ झाल्या. सेट तेवढेच, वजन तेवढंच, वेळही तेवढाच. दमलेल्या अंगानं ओढलेले चौथा, पाचवा आणि सहावा सेट गेले आणि त्यांच्या जागी धड केलेले तीन आले.

माझ्या मते दोनदा व्यायाम फळतो त्याचं मुख्य कारण हे आहे. प्रथिननिर्मितीचा आलेख त्याच्या बाजूनं बोलतो, पण तो पुरावा पुरा नाही. उपलब्ध प्रयोग एकत्र करून २०१६ साली जे विश्लेषण झालं, त्यात आठवड्यातून दोनदा हे एकदापेक्षा सरस निघालं. पुढं २०१९मध्ये जास्त प्रयोग हाताशी आल्यावर असं दिसलं की आठवड्याचे एकूण सेट सारखे ठेवले तर एकदा की दोनदा यानं फारसा फरक पडत नाही. म्हणजे आठवड्यात एकूण किती चांगलं काम झालं ते महत्त्वाचं, आणि दोन दिवसांत ते सहज बसतं. ज्याला आठवड्यात एका स्नायूचे पाच-सहाच सेट करायचेत त्यानं ते एका दिवशी केले तरी बिघडत नाही. दहा-बारा सेटच्या पुढं गेलं की फोडणं भाग आहे.

तालमीतली उदाहरणं इथं हटकून निघतात. गंगावेशीत किंवा मोतीबागेत पैलवान रोज जोर-बैठका मारतात, मग आपण रोज का नको? रोजच्या जोर-बैठका अंगाच्या वजनानं आणि मोठ्या संख्येनं होतात. त्यात दम आणि सोशिकपणा येतो, आणि पैलवानाचं खाणं-झोपणं सगळं त्याभोवती बांधलेलं असतं. आठ तास मशीनवर उभं राहून आलेल्या माणसानं तो हिशेब बेंच प्रेसला लावू नये.

दोन ठिकाणी लोक हमखास घसरतात. पहिली चूक म्हणजे १२ सेट सोमवारीही आणि १२ गुरुवारीही. वाटायचं होतं, दुप्पट करायचं नव्हतं. दुसरी चूक म्हणजे बुधवारच्या सुट्टीत "हलकंसं" म्हणून खांदे आणि ट्रायसेप्स मारणं. बेंच प्रेसमध्ये हे दोन्ही राबलेले असतात आणि गुरुवारी पुन्हा राबणार असतात. तुम्ही अगदीच कोरे असाल, म्हणजे हा पहिलाच महिना असेल, तर १२ पासून सुरूच करू नका. प्रत्येक स्नायूला दिवसाला ३ सेट, आठवड्यात ६, महिनाभर पुरेत.

तिसरी पायरी: सेट कुठं थांबवायचा

प्रत्येक सेट पार वजन अडकेपर्यंत न्यायची गरज नाही. आणखी एक-दोन रेप्स निघाल्या असत्या असं वाटतं तिथं थांबा. पहिल्या महिन्यात हा अंदाज चुकतो. बहुतेकांना वाटतं दोन उरल्या, आणि उरलेल्या असतात पाच. म्हणून मशीनवरच्या एखाद्या सुरक्षित व्यायामाचा शेवटचा सेट कधीतरी पूर्ण अडेपर्यंत करून बघा, म्हणजे आपली हद्द कळते. बारबेल छातीवर घेऊन एकट्यानं हा प्रयोग करू नका.

तिन्ही सेटला १० रेप्स निघाल्या की पुढच्या वेळी अडीच किलो वाढवा, दोन्ही बाजूंना सव्वा-सव्वा किलोची प्लेट. काही जिममध्ये या प्लेटा सापडत नाहीत, कोपऱ्यात धूळ खात पडलेल्या असतात. शोधून काढा. पाच-पाच किलोच्या उड्या नवख्याला झेपत नाहीत, मग पाठ कमानीसारखी वाकते आणि वजन छातीवर आपटून परत येतं.

चौथी पायरी: ताट

मगाशी सांगितलेल्या १९९७च्या अभ्यासात मंडळी उपाशीपोटी होती. त्यात प्रथिनं बनण्याचा वेग तर वाढला, पण मोडण्याचाही वाढला, आणि हिशेब अखेर तोट्यातच राहिला. व्यायामानं तोटा कमी झाला, फायदा झाला नाही. जमा वाढते ती खाल्ल्यावर. व्यायामानंतरचा किमान एक दिवस स्नायू खाल्लेल्या प्रथिनांना जास्त चांगला प्रतिसाद देतो, म्हणून सोमवारी रात्री जेवढं नीट खाल तेवढंच मंगळवारीही खायला पाहिजे. जिममधून बाहेर पडून अर्ध्या तासात शेक प्यायला नाही तर सगळं पाण्यात गेलं, ही भीती काढून टाका.

शरीराच्या वजनाच्या दर किलोमागं दिवसाला साधारण १.६ ग्रॅम प्रथिन ही बहुतेकांना पुरेल अशी पातळी. ६२ किलोच्या भाच्याला हे १०० ग्रॅम येतं. ते तीन-चार वेळा वाटून, एका वेळी २० ते ३० ग्रॅम. पावडरीशिवाय हे असं जमलं: सकाळी ३ अंडी आणि ग्लासभर म्हशीचं दूध, मिळून २७ ग्रॅमच्या आसपास. दुपारच्या डब्यात दोन भाकऱ्या, वाटीभर मटकीची उसळ आणि दही, मिळून २२ ते २४. जिमनंतर ५० ग्रॅम फुटाणे आणि पुन्हा ग्लासभर दूध, मिळून १९. रात्री चिकन, कच्चं मोजून दीडशे ग्रॅम, आणि तीन चपात्या, मिळून ४०च्या आसपास. बेरीज १०८ ते ११०. उपवासाच्या नाही पण शाकाहारी दिवशी चिकनच्या जागी ५० ग्रॅम कोरड्या सोयाबीन वड्यांची भाजी ठेवली की २५ ग्रॅम येतात. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्र हे आकडे डॉक्टरांना विचारल्याशिवाय धरू नका.

कोल्हापूरकरांसाठी एक वेगळी सूचना. तांबडा-पांढरा ओरपून "आज प्रोटीन झालं" म्हणू नका. प्रथिन फोडींत असतं, रश्श्यात चव असते. चार वाट्या रस्सा आणि दोन फोडी हे जेवण झकास आहे, पण वहीत त्याची नोंद दोन फोडींचीच होईल. आणि मिसळीत मटकीपेक्षा फरसाण आणि कटच जास्त असतो, हे आपल्याला ठाऊक आहेच.

पाचवी पायरी: जमतंय की नाही ते कसं ओळखायचं

सगळ्यात खरी खूण वहीत असते. सोमवार आणि पुढचा सोमवार शेजारी ठेवून बघा. त्याच वजनावर रेप्स वाढताहेत किंवा निदान टिकताहेत, तर ठीक. सलग दोन आठवडे घसरताहेत, तर प्रत्येक व्यायामाचा एक-एक सेट कमी करा आणि झोप तपासा. रात्रपाळीच्या आठवड्यात रेप्स पडतातच. तो आठवडा मोजणीत धरू नका, सेट तेवढे कमी करा.

गुरुवारी छाती थोडी आखडलेली असली तरी वॉर्मअपच्या दोन हलक्या सेटनंतर मोकळी होते, मग व्यायाम करा. हात पूर्ण वर जात नसेल, दाबल्यावर कळ येत असेल, तर तो दिवस पुढं ढकला. आणि एक खूण अजिबात दुर्लक्षू नये अशी: जबर व्यायामानंतर एक-दोन दिवसांत स्नायू सुजून कडक झाले आणि लघवी गडद तपकिरी, कोलाच्या रंगाची झाली, तर वाट न बघता दवाखाना गाठा. स्नायू मोठ्या प्रमाणात मोडून त्यातला मालमसाला मूत्रपिंडावर जातो तेव्हा असं होतं. खूप दिवसांच्या खंडानंतर पहिल्याच दिवशी ईर्ष्येनं अतिरेक करणाऱ्यांत हे घडतं.

टेप महिन्यातून दोनदाच लावा. सकाळी उठल्यावर, श्वास सोडून, दर वेळी त्याच जागी. व्यायामानंतर लगेच मोजलं तर रक्त भरल्यानं फुगलेलं माप मिळतं. मित्राला दाखवायला ते बरं, वहीत लिहायला नाही. पहिल्या चार-सहा आठवड्यांत उचलायचं वजन भराभर वाढतं ते मुख्यतः मेंदू आणि नसा ती हालचाल शिकतात म्हणून. टेपवरचा फरक बहुधा आठ-दहा आठवड्यांनी दिसायला लागतो, आणि तोही सेंटिमीटरच्या हिशेबात.

एखादा दिवस हुकला तर

हुकणारच. गुरुवारी ओव्हरटाइम लागला तर वरचं अंग शुक्रवारी करा आणि खालचं शनिवारी. पुढच्या सोमवारी छातीला तरीही ७२ तास मिळतात, पायांना मंगळवारपर्यंत तेवढेच. गुरुवार आणि शुक्रवार दोन्ही गेले तर पुढच्या सोमवारी नेहमीचेच सहा सेट, बुडालेले सहा त्यात जोडायचे नाहीत. घरात लग्न असेल, चार दिवसांऐवजी दोनच मिळणार असतील, तर दोन्ही दिवशी सगळं अंग घ्या: बेंचचे ३, रोइंगचे ३, स्क्वॉटचे ३ आणि रोमानियन डेडलिफ्टचे २ सेट. मधल्या दोन-दोन मिनिटांच्या विश्रांती धरून पाऊण तासाच्या आत आवरतं.